रेडिओच्या पाठात थांबा किती वेळाचा ठेवावा?

प्रश्न: दिघ्यातल्या वस्तीत तिसरीच्या मुलांकडे मोबाइल-टीव्ही नाही. वजाबाकीचा पाठ फक्त आवाजावर कसा बसवू?

सांगण्यापेक्षा करायला लावा, आणि प्रत्येक सूचनेनंतरचा थांबा संहितेतच सेकंदांत लिहा. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवलं ते असंच, मुलांना सतत उत्तरं द्यायला लावून. ३२ − १५ घ्या. मुलाजवळ काड्या: दहाच्या ३ जुड्या, २ सुट्या. “एक जुडी सोड. सुट्या किती झाल्या?” थांबा. “बारा. त्यातल्या पाच बाजूला ठेव.” थांबा. “आता एक जुडी उचल. उरल्या किती?” थांबा. “सतरा.” तोंडी उत्तराला ४-५ सेकंद पुरतात, जुडी सोडायला बरेच जास्त लागतात. म्हणून वस्तीतल्याच एका सावकाश मुलासमोर पाठ वाचा आणि घड्याळ लावून मोजा. थांब्यात हलका ठेका वाजू द्या, नाहीतर रेडिओ बंद पडला असं वाटतं.

मर्यादा एकच, पण मोठी: चूक रेडिओला दिसत नाही. नेहमीची चूक तुम्हीच बोलून दाखवा: “तेवीस आले? मग तू पाचातून दोन काढलेस. जुडी सोडून पुन्हा बघ.”