खिडकीच्या चिठ्ठ्या आणि प्रवाशांना पाठवायचं पत्र

प्रश्न: ४० जणांची दोन दिवसांची बस ट्रिप आहे. खिडकीवरून दरवर्षी वाद होतात. यंदा चिठ्ठ्या टाकणार आहे. प्रवाशांना पत्रात काय लिहू?

मी सांगलीहून गणपतीपुळ्याची ट्रिप काढतो. पहिल्या वर्षी जाताना आणि येताना अशा दोनदा सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. ४० सीट, २० खिडक्या. एका वेळी खिडकी हुकण्याची शक्यता निम्मी, दोन्ही वेळा हुकण्याची पाव. म्हणजे साधारण १० जणांना खिडकी मिळणारच नव्हती, आणि झालंही जवळपास तसंच. वर नवरा-बायको वेगवेगळ्या रांगेत गेले. लोक रागावले ते बरोबरच होतं.

टू बाय टू बसमध्ये प्रत्येक जोडसीटला एक खिडकी असते, हे मला नंतर सुचलं. त्यामुळे आता माणसाची नाही, जोडीची चिठ्ठी काढतो. एकट्या आलेल्यांच्या जोड्या आधी विचारून लावतो, बायकांच्या बायकांबरोबर. तिघांचं कुटुंब असेल तर तिसऱ्याची जोडी कुणा एकट्याबरोबर लावावी लागते आणि तो वेगळ्या रांगेत जाऊ शकतो. हे त्यांना आधीच फोन करून सांगा, बसच्या दारात नको.

पत्र मी असं लिहितो:

"सप्रेम नमस्कार. बसमध्ये २० जोडसीटा आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी पुढच्या २ राखून ठेवल्या आहेत. तसं बुधवारपर्यंत कळवावे. उरलेल्या १८ जोडसीटांच्या चिठ्ठ्या निघण्यापूर्वी सर्वांसमोर डब्यात टाकू. प्रत्येक जोडीतल्या एकाने एक चिठ्ठी उचलावी. उशिरा येणाऱ्यांची चिठ्ठी उपस्थितांपैकी लहान मूल उचलेल. जाताना खिडकीत कोण, हे जोडीने आपसात किंवा नाणं उडवून ठरवावे. येताना दुसऱ्याने खिडकीत बसावे. एकदा निघालेली चिठ्ठी बदलली जाणार नाही."

राखीव जागांचा आकडा पत्रात हवाच. तो मागाहून सांगितला की ओळखीच्यांसाठी जागा धरल्या असंच वाटतं. चिठ्ठी आधी उचलायला रेटारेटी होते, तेव्हा समजावून सांगा: शेवटी डब्यात उरणारी चिठ्ठी १८ पैकी कुठलीही असू शकते, म्हणून शेवटच्याचीही संधी पहिल्याइतकीच. फक्त कागद एकसारखे आणि घड्या सारख्या हव्यात. जाड घडी बोटांना लगेच कळते.

एक चूक मात्र पत्र नीट लिहूनही झाली. परतताना आंबा घाट अंधारात आला. येताना खिडकी मिळालेल्यांना काचेत स्वतःचाच चेहरा दिसत होता. एक आजी म्हणाल्या, "माझी खिडकी वाया गेली की रे." तेव्हापासून परत निघायची वेळ दुपारी लवकरची ठेवतो आणि ती पत्रातच छापतो. तुमच्या वाटेवर बघण्यासारखा पट्टा कुठला आणि दोन्ही वेळा तो उजेडात येतो का, हे पत्र पाठवण्याआधी ड्रायव्हरला विचारून घ्या. एका वेळी अंधारच असेल, तर उजेडातल्या फेरीत त्या पट्ट्याच्या मध्यावर चहाला थांबा आणि तिथेच जागा बदला.