भटका कुत्रा चावल्यावर: जखम धुणे, सीरम आणि लशीच्या तारखा

प्रश्न: काल ४ मार्चला संध्याकाळी भटका कुत्रा पोटरीला चावला, दोन दातांच्या खुणा आहेत, थोडं रक्त आलं. घरी पाण्याने पुसून घेतलं. आता इंजेक्शनं किती आणि कधी?

आधी जखम धुवा. रात्र उलटली असली तरी धुवाच. नळ सोडून, साबण लावत पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. दाताचं छिद्र वरून लहान दिसलं तरी आत खोल असतं, तेव्हा धार थेट छिद्रावर धरा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी घट्ट बांधू नका. टाके शक्यतो टाळतात; घालावेच लागले तर आधी सीरम, मग टाके.

रक्त आलं म्हणजे ही तिसऱ्या श्रेणीची जखम, आणि तिला नुसती लस पुरत नाही. लशीने शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरची राखण सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, करतं. गाडी इथेच अडते: दंडात लस मिळाली की लोक घरी परततात. सीरम दंडात नाही, जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. मात्रा वजनावर: मानवी सीरम किलोमागे २० युनिट, घोड्याचं ४०. ६० किलोच्या माणसाला मानवी सीरम १२०० युनिट. पहिल्या लशीबरोबरच घ्यावं. राहिलंच, तर त्या लशीपासून सात दिवसांच्या आत. नंतर देत नाहीत.

आता तारखा. 'शून्य दिवस' म्हणजे चावल्याचा नव्हे, पहिल्या डोसचा. आज ५ मार्चला पहिला घेतलात, तर स्नायूत टोचायच्या पद्धतीने पुढचे ८, १२, १९ मार्च आणि २ एप्रिलला (०, ३, ७, १४, २८). त्वचेत टोचत असतील तर प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिली, ५, ८, १२ मार्च आणि २ एप्रिलला. यात चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. लस दंडातच घ्या, कुल्ल्यात नको, तिथे चरबीमुळे ती नीट लागू पडत नाही. एखादा डोस चुकला तर जमेल तितक्या लवकर घ्या, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा. पूर्वी रेबीजची लस पूर्ण झाली असेल तर तेही सांगा, मग ० आणि ३ असे दोनच डोस लागतात, सीरम नाही.

कुत्रा रोज नजरेसमोर असेल तर १० दिवस लक्ष ठेवा. दहाव्या दिवशीही ठणठणीत असला तर उरलेले डोस थांबवता येतात, पण डॉक्टरांना विचारूनच. त्याची वाट पाहत पहिला डोस मात्र लांबवू नका. कुत्रा दिसेनासा झाला तर सगळे डोस पूर्ण करा.