एका पिनसाठी बार किती लांब धरायचा?

प्रश्न: २५ व्यासाच्या ब्राइट बारमधून डोकं असलेली पिन करायची आहे. एकूण लांबी ६२ मिमी, त्यात डोकं १० मिमी, दांडा २२ व्यासाचा. २०० नग. पार्टिंग टूल ३ मिमीचं आहे. एका नगाला बार किती पकडू आणि एकूण किती मागवू?

उत्तर: एका नगाला ६६ मिमी धरा. एक-एक मीटरचे बार घेत असाल तर १४ बार पुरतील, पण त्यासाठी प्रत्येक बारचा शेवटचा तुकडा जपून ठेवावा लागेल. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे आणि अशा पिना आम्ही नेहमी करतो, म्हणून हिशोब कुठे चुकतो ते जरा सविस्तर सांगतो.

पिनेची स्वतःची लांबी ६२. बारचं पुढचं तोंड फेस करायला अर्धा मिमी. पार्टिंग झाल्यावर डोक्याकडची बाजू उलटी पकडून फेस करायची, तिला आणखी अर्धा. आणि टूल जी खाच पाडतं तिचे ३. झाले ६६. पुढचं फेसिंग बहुतेक जण धरतात, मागचं विसरतात. पार्टिंगने सुटलेली बाजू कधीच सपाट नसते. मधोमध टोक राहतं, आणि टूलची धार जरा तिरपी घासलेली असली की पातं एका बाजूला सरकतं आणि तोंड बशीसारखं खोल होतं. सुटलेल्या पहिल्याच पिनेचं टोक फाइलने काढा, त्या तोंडावर व्हर्नियरची कड आडवी ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. मधून उजेड दिसला तर तेवढी खोली फेसिंगमध्ये निघायला हवी. ती न धरता लांबी ६२ वर आणली तर डोक्याच्या मधोमध पार्टिंगच्या गोल रेघांचा डाग तसाच राहतो, आणि तो काढायला गेलं की पिन आखूड होते. टूल सरळ घासलेलं आणि बरोबर सेंटरला बांधलेलं असेल तर २५ व्यासाला अर्धा मिमी पुरतो. बशी दिसत असेल तर फेसिंग वाढवत बसू नका, आधी टूल घासून घ्या.

३ मिमीचं टूल ३ चीच खाच पाडतं असंही गृहीत धरू नका. भंगारातल्या तुकड्यावर ५ मिमी खोल खाच पाडा आणि व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजा. टूल थरथरत असेल किंवा तिरपं बांधलेलं असेल तर खाच रुंद येते. हिशोबात मोजलेला आकडा घाला, टूलच्या डब्यावरचा नाही.

आता बारचा हिशोब. मीटरचा बार म्हणजे कामाचे १००० मिमी नव्हेत. इतवारीतून आणलेल्या बारचं कापलेलं तोंड तिरपं असतं, ते पहिल्यांदा सरळ करायला ३ मिमी जातात. शेवटी चकमध्ये पकडायला ४० आणि जॉपासून टूल लांब ठेवायला ५, असे ४५ अडकतात. ही पकड कमी करायचा मोह होतो. पण पार्टिंगमध्ये टूल बारला जोराने रेटतं, पकड कमी असली की बार सरकतो आणि पातं मोडतं. राहिले ९५२. भागिले ६६ केलं की १४ नग निघतात आणि २८ उरतात. नुसतं १००० भागिले ६२ करणारा १६ नग धरतो, २०० साठी १३ बार आणतो, आणि १८२ पिना झाल्यावर त्याचा बार संपतो.

उरलेले २८ आणि चकमधले ४५ मिळून ७३ मिमीचा तुकडा होतो. हा भंगारात टाकू नका. त्याला पार्टिंगची गरज नाही, म्हणून पिनेला लागतात फक्त ६२ आणि दोन्ही तोंडांचा अर्धा-अर्धा, म्हणजे ६३. तुमच्या पिनेला डोकं आहे ही इथे सोयीची गोष्ट आहे. डोकं २५ चंच राहणार, म्हणून डोक्याकडून १५ मिमी पकडा, हलके कट घेत दांडा फिरवा, मग दांड्यावर तांब्याची पट्टी लावून उलटं पकडा आणि जास्तीचा भाग फेस करून टाका. पिन जर पूर्ण लांबीला २२ ची असती तर मी हे सांगितलं नसतं, कारण उलटं पकडून उरलेला भाग फिरवला की जोडावर रेघ उमटते. १४ बारमधून सरळ १९६ पिना निघतात, उरलेल्या ४ तुकड्यांतून करा. तरी १० तुकडे हाताशी राहतात, सेटिंगमध्ये बिघडलेल्या नगांच्या बदल्यात ते कामी येतात.

दर सांगतानाही हाच हिशोब लावा. बारचं वजन म्हणजे मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. २५ ला ते ३.८६ येतं. १४ बार म्हणजे ५४ किलो, नगामागे २७० ग्रॅम. तयार पिन भरते साधारण १९४ ग्रॅम. ड्रॉइंगवरच्या पिनेच्या वजनाने माल लावला तर नगामागे ७६ ग्रॅम लोखंड तुमच्या खिशातून जाईल.

एक चूक मात्र आमच्याकडे झाली आहे आणि ती मला अजून सलते. आमच्या मुलाने पार्टिंग टूलचा चककडचा कोपरा बारच्या तोंडाला टेकवून डायल शून्य केली आणि ६२.५ सरकवलं. पिनेची लांबी ठरते ती दुसऱ्या, टेलस्टॉककडच्या कोपऱ्याने. त्यामुळे टूलची रुंदी पिनेतून गेली आणि पिना ५९.५ च्या निघाल्या. दुपारपर्यंत कुणी मोजल्या नाहीत. चककडचा कोपरा टेकवलात तर ६५.५ सरकवा. टेलस्टॉककडचा कोपरा हिशोबात धरला असेल तर ६२.५. कोणता कोपरा टेकवायचा ते लेथवरच खडूने लिहून ठेवा.

सगळे बार आणण्याआधी एका बारवर हे करून बघा. तोंड फेस करा, तिथून ३०० मिमीवर मार्करने खूण करा. दोन पिना काढा, पुढच्या पिनेसाठी तोंड फेस करा आणि खुणेपर्यंतचं अंतर मोजा. १६८ आलं तर ६६ चा हिशोब बरोबर. १६७ आलं तर दर नगाला अर्धा मिमी जास्त जातोय, तरी शेवटचा तुकडा ६६ चा राहील आणि त्यातून पिन निघेल. पण नगामागे ०.७ पेक्षा जास्त जात असेल, म्हणजे अंतर १६६.६ च्या खाली आलं, तर शेवटचा तुकडा ६३ पेक्षा आखूड होतो. मग १५ वा बार आणावाच लागेल.