सोलर बसवणाऱ्यांसाठी मराठी सूचना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्ट्रिंगला 'माळ' म्हणावे, 'साखळी' की 'रांग'? आमच्या मुलांना यातले एकही पटत नाही.
— हिंगण्याचे एक कंत्राटदार

मुलांचे बरोबर आहे. 'स्ट्रिंग' हाच शब्द ठेवावा. छतावर, दुकानात आणि पॅनलच्या खोक्यावर तोच ऐकू येतो आणि दिसतो. 'रांग' मात्र कटाक्षाने टाळावा, कारण छतावरची रांग डोळ्यांना दिसते आणि स्ट्रिंग दिसत नाही. एकाच रांगेतील पहिली सहा पॅनले एका स्ट्रिंगमध्ये आणि उरलेली सहा दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये असू शकतात. कागदावर 'रांग' लिहिले, तर जोडणारा माणूस दिसते त्याप्रमाणे बाराही पॅनले एकत्र जोडतो.

शब्द ठेवला तरी त्याचा अर्थ मराठीत एकदा पूर्ण सांगितलाच पाहिजे. तो असा लिहिता येईल: एका पॅनलचे प्लस पुढच्या पॅनलच्या मायनसला, याप्रमाणे एकसर जोडलेल्या पॅनलांना मिळून एक स्ट्रिंग म्हणतात; तिच्यात सर्व पॅनलांच्या व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट मात्र एकाच पॅनलइतका राहतो. 'एकसर' हा शब्द मुलांनी शाळेच्या विज्ञानात वाचलेला असतो, त्यामुळे तो परका वाटत नाही. ज्यांच्या कानावर केवळ 'सीरिज' पडले आहे, त्यांच्यासाठी तोही शब्द शेजारी द्यावा.

आमच्या सूचनापत्रकात 'स्ट्रिंगचे व्होल्टेज 600 च्या आत ठेवा' असे आहे. मे महिन्यात बारा पॅनलांचे व्होल्टेज मीटरवर 530 आले, तरी अभियंत्यांनी जोडणी बदलायला लावली. असे का?
— कामठीचे एक पर्यवेक्षक

अभियंत्यांचा निर्णय योग्य होता आणि तुमचे मोजमापही बरोबर होते. उणे आहे ते पत्रकातील वाक्य. मूळ इंग्रजी पुस्तिकेत ही मर्यादा 'कमाल' इनपुट व्होल्टेजची असते, म्हणजे वर्षभरात एका क्षणासाठीही ओलांडायची नाही अशी. भाषांतरात 'कमाल' गळले, आणि कोणते व्होल्टेज, केव्हाचे, हेही गळले.

हिशेब करून पाहू. तुमच्या 540 वॉटच्या पॅनलच्या मागील पट्टीवर `Voc` हा आकडा 49.5 व्होल्ट आहे, असे धरू. हे पॅनल कशालाही न जोडता मोजलेले व्होल्टेज असून ते सेलचे तापमान 25 अंश असतानाचे आहे. बारा पॅनलांचे 594 व्होल्ट होतात, म्हणजे पट्टीवरच्या आकड्यानेही आपण 600 च्या अगदी काठावर आहोत. पॅनल तापले की व्होल्टेज घटते आणि गारठले की वाढते; अशा पॅनलात हा फरक अंशामागे साधारण 0.27 टक्के असतो. मे महिन्यात दुपारी सेल 65 अंशांपर्यंत तापतात, म्हणजे 25 पेक्षा 40 अंश अधिक, आणि व्होल्टेज जवळपास 11 टक्क्यांनी उतरते. तुम्हाला मीटरवर दिसलेले 530 नेमके तेच आहेत.

आता नागपूरची थंडी धरा. डिसेंबर 2018 मध्ये येथे पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. आपण 5 अंश धरले, तरी फरक 20 अंशांचा आणि वाढ 5.4 टक्क्यांची होते. 594 चे 626 व्होल्ट होतात. पहाटे ऊन पडू लागते, इन्व्हर्टर अजून सुरू झालेला नसतो, पॅनलातून करंट कोणी घेत नसतो, आणि हे संपूर्ण 626 व्होल्ट इन्व्हर्टरच्या इनपुटवर उभे राहतात. असे इन्व्हर्टर उन्हाळा आणि पावसाळा व्यवस्थित काढून थंडीतल्या एखाद्या सकाळी इनपुटच्या बाजूने निकामी होतात. कंपनीने आतील नोंद पाहिली, की मर्यादा ओलांडल्याचे उघड होते आणि वॉरंटीचा दावा टिकत नाही.

म्हणून ते वाक्य मी असे लिहीन: 'पट्टीवरील `Voc` ला स्ट्रिंगमधील पॅनलांच्या संख्येने गुणावे आणि थंडीसाठी त्यात साडेपाच टक्के मिळवावेत, येणारा आकडा 600 पेक्षा कमी असलाच पाहिजे. जोडणीच्या दिवशी मीटरवर दिसणारा आकडा या तपासणीसाठी धरू नये.' वाक्य लांबले हे खरे, परंतु मूळ सूचनेतील अट त्यात शाबूत राहते. अकरा पॅनले घेतली तर हिशेब 574 वर येतो. बाराही ठेवायची असल्यास दुसरा मार्ग एमपीपीटीच्या प्रश्नात पुढे येतो. साडेपाच टक्के हे या पॅनलसाठी आणि 5 अंशांसाठी आहेत. पॅनल बदलले की त्याच्या माहितीपत्रकातील तापमानाचा आकडा पाहून हिशेब पुन्हा करावा.

ओपन सर्किटसाठी आम्ही वर्गात 'खुला परिपथ' आणि क्लोज्ड सर्किटसाठी 'बंद परिपथ' शिकवतो. तेच छतावरच्या सूचनांत वापरायला काय हरकत आहे?
— एक आयटीआय निदेशक, नागपूर

वर्गात हरकत नाही. छतावर मात्र हे शब्द जिवावर बेतू शकतात. 'परिपथ बंद' म्हणजे करंट वाहतो आहे, आणि 'स्विच बंद' म्हणजे करंट थांबला आहे. एकाच 'बंद'चे दोन उलट अर्थ एकाच पानावर आले, तर उन्हात घाईत काम करणारा माणूस घरात रुळलेला अर्थच घेणार. 'परिपथ बंद असताना कनेक्टर ओढू नये' हे वाक्य त्याच्या कानाला 'स्विच ऑफ असताना कनेक्टर ओढू नये' असे लागते, म्हणजे जे करायचे त्याच्या बरोबर उलट.

डीसीच्या बाजूला ही चूक अधिक घातक ठरते. आपल्या घरातील एसी करंट सेकंदातून 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना पडलेली ठिणगी विझण्याची संधी असते. डीसी शून्यावर येतच नाही. पाचशे व्होल्टवर करंट वाहत असताना कनेक्टर ओढला, तर दोन टोकांमध्ये पेटलेला आर्क टिकून राहतो, प्लॅस्टिक वितळते आणि हात भाजतो. म्हणून सूचनापत्रकात 'ऑन' आणि 'ऑफ' हेच शब्द वापरावेत आणि क्रम स्पष्ट द्यावा: आधी एसी स्विच ऑफ करावा, मग डीसी स्विच ऑफ करावा, क्लॅम्प मीटरने करंट शून्य असल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवावा. डीसी स्विच ऑफ केल्यावरही ऊन असेपर्यंत स्ट्रिंगच्या टोकांवर व्होल्टेज असतेच, हेही त्याच ठिकाणी लिहावे.

एमपीपीटीचे 'महत्तम शक्तिबिंदू अनुसरण' असे भाषांतर केले आहे. चालेल का?
— वर्ध्याच्या एक अनुवादिका

अर्थाने बिनचूक आहे आणि पाठ्यपुस्तकात शोभेल. बसवणाऱ्याला मात्र 'एमपीपीटी' हीच अक्षरे इन्व्हर्टरवर दिसतात, तेव्हा तीच ठेवून त्यांचे काम काय ते सांगावे. पॅनल कशालाही न जोडता ठेवले तर व्होल्टेज सर्वाधिक असते, पण करंट शून्य. दोन्ही टोके शॉर्ट केली तर करंट सर्वाधिक, पण व्होल्टेज शून्य. दोन्ही वेळा हाती काहीच पडत नाही. मधे एक जागा अशी असते, की तेथे दोघांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो. आपल्या पॅनलात ती 41.6 व्होल्ट आणि 13 अँपिअर या जागी, म्हणजे सुमारे 540 वॉटवर आहे. ऊन आणि तापमान बदलले की ही जागा सरकते आणि एमपीपीटी व्होल्टेज थोडे थोडे हलवून तिला सतत शोधत राहतो.

छतावर यातून दोन नियम निघतात. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली पॅनले एकाच स्ट्रिंगमध्ये जोडू नयेत, कारण ज्याच्यावर ऊन कमी त्याचा कमी करंट सगळ्या स्ट्रिंगला अडवतो. आणि पॅनलांची संख्या वेगवेगळी असलेल्या दोन स्ट्रिंग एकाच एमपीपीटीवर समांतर जोडू नयेत, कारण दोघींना एकाच व्होल्टेजवर राहावे लागते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर `PV1` आणि `PV2` असे दोन आकडे दिसत असतील, तर सहसा दोन एमपीपीटी आहेत; तरी माहितीपत्रकात खात्री करावी, कारण एकाच एमपीपीटीला दोन स्ट्रिंगची भोके असलेले इन्व्हर्टरही मिळतात.

कामठीच्या वाचकांची बारा पॅनले यामुळे वाचू शकतात. सहा-सहाच्या दोन स्ट्रिंग दोन एमपीपीटींना दिल्या, तर थंडीतले व्होल्टेज 313 वर थांबते. उन्हाळ्यात सेल 70 अंशांवर गेले, तर चालू असतानाचे व्होल्टेज 210 च्या आसपास उतरते. ते एमपीपीटीच्या किमान मर्यादेच्या वर आहे ना, एवढे पाहावे.

ग्रिड सिंक्रोनायझेशनला 'ग्रिडशी जुळवणे' म्हटले आहे. मुले विचारतात, जुळवायचे ते नेमके काय?
— नागपूरच्या एका बसवणी कंपनीतील प्रशिक्षक

त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण 'जुळवणे' या क्रियापदाने काम माणसाच्या गळ्यात पडते. 'इन्व्हर्टर ग्रिडशी जुळतो' असे लिहा. व्होल्टेज, 50 हर्ट्झची वारंवारता आणि लहरीची चढउतार हे तिन्ही तो स्वतः तपासतो, ठरलेला वेळ थांबतो आणि मग जोडला जातो. माणसाने योग्य देशाचे सेटिंग निवडावे, न्यूट्रल आणि अर्थिंग तपासावे, आणि पडद्यावर उलटी मोजणी चालू असताना वारंवार ऑफ-ऑन करू नये, कारण प्रत्येक वेळी ती मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

याच्याशी जोडलेला एक शब्द मला अधिक खटकतो. पडद्यावरील `Grid Fault` चे 'ग्रिडमध्ये बिघाड' असे भाषांतर सर्रास दिसते, आणि ते वाचून तक्रार थेट महावितरणकडे जाते. त्याचा खरा अर्थ 'इन्व्हर्टरला आपल्या टोकावर ग्रिड मर्यादेबाहेर दिसते आहे' एवढाच आहे. मीटरवर 246 व्होल्ट आहेत, तेथून इन्व्हर्टर 40 मीटर लांब आहे आणि मधे 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आहे, असे समजा. जाऊन-येऊन 80 मीटर तारेचा रोध सुमारे 0.37 ओहम होतो. भर दुपारी 21 अँपिअर बाहेर जाताना त्यावर जवळपास 8 व्होल्ट चढतात आणि इन्व्हर्टरच्या टोकावर 254 होतात. 230 च्या 110 टक्क्यांची, म्हणजे 253 ची मर्यादा ओलांडली जाते आणि इन्व्हर्टर थांबतो. सकाळ-संध्याकाळी व्यवस्थित चालणारा आणि नेमका दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर दिसला, की मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजावे. फरक मोठा असेल तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे. 10 चौरस मिलिमीटरची केबल घातल्यास वाढ तीन व्होल्टच्या आसपास राहते. मीटरपाशीच 253 च्या पुढे आकडा असेल, तर मात्र महावितरणकडेच जावे. सेटिंगमधील मर्यादा वाढवून काम चालवणे नियमबाह्य आहे.

अँटी-आयलंडिंगला मराठीत काय म्हणावे?
— तेच प्रशिक्षक

बेटाचा उल्लेख नको. 'ग्रिडची वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, जेणेकरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये' हे वाक्यच नावाच्या जागी छापावे. आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटले की वीज गेल्यावर पंखा चालवणारा बॅटरीचा इन्व्हर्टर डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे घरमालकाला द्यायच्या कागदावर, त्याच्या सहीच्या लगेच वर, 'या इन्व्हर्टरला बॅटरी नाही. वीज गेल्यावर भर उन्हातही घरात वीज मिळणार नाही' असेही लिहावे.