यूव्ही टॉर्च, विंचू आणि खडूच्या खुणा

प्रश्न : महिन्याभरात घराच्या मागच्या बाजूला दोनदा विंचू निघाला. कुणीतरी सुचवलं म्हणून यूव्ही टॉर्च घेतला. रात्री भिंत आणि बागेची कड फिरून पाहिली. सगळं नुसतं जांभळं दिसतं, विंचू एकही नाही. टॉर्च खराब आहे की माझं काही चुकतंय?

उत्तर :

टॉर्चवर किंवा खोक्यावर नॅनोमीटरचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघा. माझा अंदाज, तिथे ३९५ असेल. ३९५ चा टॉर्च अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडही भरपूर टाकतो. त्या जांभळ्यात विंचवाची हिरवट-निळी चमक बुडून जाते. ३६५ चा टॉर्च लावला की भिंत जवळजवळ काळीच राहते आणि विंचू तेवढा उठून दिसतो. काचेवर काळपट फिल्टर असलेला ३६५ मिळाला तर उत्तमच, कारण उरलेला जांभळा उजेडही तो अडवतो. तुमचा टॉर्च टाकून देऊ नका. मीटरभर अंतरावरून, पूर्ण अंधारात, तोही चालतो. फक्त लांबून भिंत चाळायला त्याचा उपयोग नाही.

हे चमकणं विंचवाच्या बाह्यकवचातल्या एका पातळ, पारदर्शक थरामुळे होतं. कवच कडक होत जातं तशी त्यात चमकणारी द्रव्यं तयार होतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, नुकती कात टाकलेला मऊ विंचू जवळपास चमकत नाही, त्यामुळे कोरी दिसणारी भिंत रिकामीच असेल असं नाही. दुसरी, टाकलेली कात आणि मेलेला विंचू मात्र छान चमकतात. मी एकदा पाण्याच्या नळामागे एका विंचवावर वीस मिनिटं पाळत ठेवली होती. ती कात निघाली.

आता वेळ. अंधार पडल्यावर तास-दीड तासाने बाहेर पडा. रात्र उबदार असावी, वारा फार नसावा, आणि जमलं तर अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. लख्ख चांदण्यात बऱ्याच जातींचे विंचू बाहेर पडायचं टाळतात, थंडीतही तसंच. अंगणातला आणि मागच्या दारातला दिवा घालवा, आणि दहा मिनिटं नुसते अंधारात थांबा. डोळे अंधाराला सरावायच्या आत केलेली फेरी फुकट जाते.

चालताना टॉर्च भिंतीवर समोरून मारू नका. गुडघ्याच्या उंचीवर धरून भिंतीच्या कडेने पुढे मारा, म्हणजे झोत भिंतीला घासत जातो आणि फटीच्या तोंडाशी बसलेला विंचूही सापडतो. एक पाऊल, एक फिरवणी, मग पुढचं पाऊल. आधी भिंत आणि जमीन मिळतात ती रेघ बघा, मग गिलाव्याच्या भेगा, मग कुंड्यांचे बूड आणि वाफ्याच्या विटांची कड. पुष्कळ विंचू बिळाच्या तोंडाशी भक्ष्याची वाट पाहत बसलेले असतात. अशा वेळी अख्खा विंचू दिसतच नाही, फक्त पुढच्या चिमट्यांची टोकं, दोन हिरवे ठिपके. टॉर्चची मर्यादाही इथेच लक्षात येते. किरण सरळ जातात, फटीच्या आत वळत नाहीत, म्हणून आत शिरलेला विंचू त्यांना दिसत नाही.

चमकणारं सगळं विंचू नसतं. साबणाने धुतलेल्या कपड्याचा दोरा आणि कागदाचा कपटा निळसर-पांढरे झगमगतात, काही प्लॅस्टिकचे तुकडेही. भिंतीवरची काही दगडफुलं पिवळी-केशरी दिसतात, हिरवी पानं मंद लालसर. विंचवाचा हिरवट-निळा रंग एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. शंका आली तर पांढरा टॉर्च मारून खात्री करा.

आणि पांढरा टॉर्च दुसऱ्या हातात हवाच, हे मी दहादा सांगेन. साप यूव्हीत असा उठून दिसत नाही. अंधारात फक्त हिरवे ठिपके शोधत चालणारा माणूस पुढे पाय कशावर ठेवतोय ते पाहत नाही. दर दोन-तीन पावलांनी पांढरा उजेड जमिनीवर टाका. पायात बंद बूट घाला आणि फटीत बोट घालू नका. ३६५ चा उजेड डोळ्यांना जाणवत नाही म्हणून बाहुली आकुंचन पावत नाही, आणि किरण थेट आत जातात. टॉर्च कुणाच्या तोंडावर मारू नका, आणि यूव्ही अडवणारा पारदर्शक चष्मा लावा.

विंचू दिसला की लोक लगेच चप्पल उचलतात. मी तसं करत नाही, निदान पहिल्या रात्री तरी नाही. त्याला ठेचलं की तो कुठून आला ते कळत नाही. झोत बाजूला घ्या. जास्त वेळ अंगावर ठेवला तर तो बिथरतो. मधूनमधून क्षणभर टॉर्च मारून तो कुठे शिरतो ते बघा, आणि त्या फटीशेजारी खडूने खूण करा.

आमच्या मागच्या भिंतीची लांबी साधारण वीस मीटर. पहिल्या रात्री चार विंचू दिसले. चारही वेगवेगळ्या जागी, त्यामुळे भिंतभर पसरलेत असं वाटलं. एक-दोन दिवसांच्या अंतराने आणखी चार रात्री फिरलो आणि खुणा करत गेलो. पाचव्या रात्रीनंतर उजेडात बघितलं, तर अकरा खुणांपैकी आठ एकाच दोन-अडीच मीटरच्या पट्ट्यात होत्या. तिथे सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर येतो, त्याच्याभोवतीचा गिलावा सुटला होता, आणि खाली उरलेल्या विटांचा ढीग भिंतीला टेकवून ठेवला होता. ओलीमुळे झुरळं तिथेच आणि विंचूही तिथेच. पाइप शिरतो ती फट न्हाणीघरातही उघडत होती.

मग विटा दिवसा, हातमोजे घालून, लांब दांड्याने एकेक हलवून काढल्या आणि भिंतीपासून दूर नेल्या. फटी मात्र लगेच बुजवल्या नाहीत. आत विंचू असताना सिमेंट भरलं तर तो दुसऱ्या बाजूने, म्हणजे घरात, निघू शकतो. म्हणून आधी न्हाणीघराच्या बाजूचं तोंड बंद केलं. पुढच्या दोन रात्री बाहेर आलेले विंचू पकडले, आणि मगच बाहेरून गिलावा केला.

पकडायला गुळगुळीत, रुंद तोंडाची बरणी आणि निदान २५ सेंटीमीटरचा चिमटा घ्या. बरणी आडवी धरून चिमट्याने मागून हळूच आत ढकलायचं. स्वच्छ काचेवर त्याला चढता येत नाही. चमकणाऱ्या विंचवाच्या पाठीवर फिकट, न चमकणारा गोळा दिसला तर ती पिल्लं घेतलेली मादी असते. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं चमकत नाहीत. तिला हात लावताना पिल्लं सांडली तर यूव्हीत ती सापडणार नाहीत, म्हणून अख्खी बरणी वरून पालथी घाला आणि खालून पुठ्ठा सरकवा.

डंख झालाच तर चिरणं, बांधणं, चोखणं काही करू नका. सरळ दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर दुखणं वाढतंय का याची वाटसुद्धा पाहू नका.

गिलावा करून वर्ष झालं. मी अजून महिन्यातून एकदा फेरी मारतो. पाइपजवळ आता काही दिसत नाही, पण बागेच्या कडेच्या एका विटेखाली दोन हिरवे ठिपके अजून असतात. ती वीट घरापासून बरीच लांब आहे, म्हणून तिथे नुसती खूण करून ठेवली आहे.