अप्रोच ठरवताना प्रेशर ड्रॉपही बघ

तुझ्या ३५०० किलोवॅटच्या कूलिंग स्टेशनमधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरचंच गणित घे. प्लांटकडून पाणी ५ अंशाला येतं, १३ ला परत जातं. इमारतीचं १४ वरून ६ वर आणायचं. दोन्ही टोकांना दोन पाण्यांमधला फरक, म्हणजे अप्रोच, १ अंश; म्हणून एलएमटीडी, म्हणजे सरासरी तापमानफरक, तोही १. यू-व्हॅल्यू, म्हणजे प्लेटमधून उष्णता किती सहज जाते ते, ५००० वॅट प्रति चौरस मीटर केल्व्हिन धरली तर प्लेट्सचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर. इमारतीचं पाणी १४.५ वरून ६.५ वर चालणार असेल, तर अप्रोच दीड अंश होतो आणि साधारण ४६७ चौरस मीटर पुरतात. म्हणून ६ अंश खरंच हवेत का, हे आधी कॉइलवाल्याला विचार.

आता प्रेशर ड्रॉप. यू-व्हॅल्यू फुकट मिळत नाही. ती चॅनलमधल्या वेगातून येते आणि त्याची किंमत पंप मोजतो. स्पेसिफिकेशनमध्ये ३० किलोपास्कलची मर्यादा टाकलीस तर सप्लायर समांतर प्लेट्स वाढवेल, वेग पडेल, यू-व्हॅल्यूही घसरेल. मग आणखी प्लेट्स! अशा कामाला ५० ते ७० किलोपास्कल मोकळे ठेव.

फाउलिंगसाठी सरसकट २० टक्के जादा प्लेट्स मागण्याची सवय मला पटत नाही. त्याने वेग कमी होऊन गाळ उलट लवकर बसतो. मार्जिन हवंच, तर लांब प्लेटमधून घे.

चालू झाल्यावर दोन्ही बाजूंचा प्रवाह तोच असताना प्रेशर ड्रॉप चढला, तर आधी स्ट्रेनर उघड, मग प्लेट्सकडे बघ.