पगार, हप्ते आणि मॅनेजरसाहेबांना द्यायचा तक्ता

प्रश्न: घरासाठी 30 लाखांचं कर्ज हवं आहे, 20 वर्षांसाठी, व्याजदर साडेआठ टक्के सांगितलाय. हातात 68,000 पगार येतो. पतपेढीचे 3,500 त्याआधीच कापले जातात, अजून 20 हप्ते आहेत. पर्सनल लोनचा हप्ता 8,900 (बाकी 1,29,000, 16 हप्ते), बाइकचा 3,600 (4 हप्ते), क्रेडिट कार्डावर 46,000. बँकेने उत्पन्न आणि देण्यांचा तक्ता जोडून अर्ज मागितलाय. पतपेढीचा हप्ता तक्त्यात दाखवला नाही तर चालेल का? आणि दोन लाखांची एफडी मोडून पर्सनल लोन आधी फेडू का? घराची स्वतःची रक्कम वेगळी ठेवली आहे.

उत्तर: पतपेढीचा हप्ता दाखवाच, फक्त योग्य जागी दाखवा. तो तुमच्या सॅलरी स्लिपवर कपातीच्या रकान्यात छापलेलाच असतो. तक्त्यात नसेल तर कर्ज लपवल्यासारखं दिसतं. दाखवला पण उत्पन्न 68,000च लिहिलं, तर तेच 3,500 दोनदा वजा होतात, एकदा पगारातून आणि एकदा देण्यांतून. म्हणून 68,000 मध्ये 3,500 परत मिळवा, उत्पन्न 71,500 लिहा आणि पतपेढीचा हप्ता देण्यांच्या बाजूला घाला. पीएफ आणि कर मात्र परत मिळवायचे नाहीत, ते कर्जाचे हप्ते नव्हेत.

आता एफडीचं. बँक तुमचे सगळे हप्ते, नवा धरून, उत्पन्नाच्या किती टक्के होतात ते पाहते. मर्यादा बँकेनुसार आणि उत्पन्नानुसार बदलते. आपण निम्मी धरू, म्हणजे 35,750. कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका थकबाकीच्या 5 टक्के धरतात, तुमच्या बाबतीत 2,300. सगळं मिळून आजची देणी 18,300. नव्या कर्जाचा हप्ता साधारण 26,035 बसेल. बेरीज 44,335, म्हणजे 62 टक्के. आजच अर्ज केलात तर याच हिशेबाने 20 लाखांच्या आसपासच मंजुरी मिळेल, तीसची नाही.

पर्सनल लोन फेडलं की 8,900 सुटतात आणि प्रमाण 49.6 टक्क्यांवर येतं. बसतं, पण अगदी काठावर; व्याजदर जरा वाढला तरी बाहेर जाईल. शिवाय व्याजात तुम्ही समजताय तितकं वाचत नाही. उरलेल्या 16 हप्त्यांत मिळून सुमारे 13,400 व्याज आहे. मुदतीपूर्वी बंद करण्याचं शुल्क करासह साडेचार हजार धरलं (तुमच्या करारात पाहून घ्या), तर हातात राहतात 8,900, आणि त्यातूनही एफडीचं बुडालेलं व्याज वजा होतं. हे कर्ज फेडायचं ते पात्रतेसाठी, व्याज वाचावं म्हणून नव्हे. व्याज खरं खातंय ते कार्ड. थकबाकी पुढे ढकलत राहिलात तर त्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं, म्हणून आधी ते फेडा.

माझं मत असं: एफडी मोडा, आधी कार्डाचे 46,000 भरा, मग पर्सनल लोन बंद करा, आणि अर्ज लगेच न करता चार महिने थांबा. शुल्कासकट 1,79,500 जातील आणि 20,500 उरतील. एवढ्या तुटपुंज्या गंगाजळीवर 26,000चा हप्ता अंगावर घेऊ नका, आजारपण आलं तर पहिल्याच वर्षी हप्ता चुकेल. पण चार महिन्यांत बाइकचं कर्ज आपोआप संपतं, आणि मोकळे झालेले 8,900 दरमहा बाजूला टाकलेत तर गंगाजळी 56,000च्या पुढे जाते. तेव्हा देणं उरतं फक्त पतपेढीचं, आणि नवा हप्ता धरून प्रमाण 41.3 टक्के. बंद झालेली कर्जं क्रेडिट रिपोर्टवर तशी दिसायलाही काही आठवडे लागतात, तेही या काळात होऊन जातं.

घराचा करार झालाय आणि थांबणं शक्य नाही, अशी स्थिती असेल तरी दोन्ही देणी फेडून अर्ज करता येतो. बाइकचा हप्ता धरूनही प्रमाण 46.3 टक्के येतं. फक्त गंगाजळी भरून निघेपर्यंत दुसरा कुठलाही खर्च काढू नका.

चार महिन्यांनंतरचं पत्र आणि तक्ता साधारण असा:

मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय: गृहकर्जाच्या अर्जासोबत मासिक उत्पन्न व देण्यांचा तक्ता
महोदय/महोदया,
रु. 30,00,000 च्या गृहकर्जासाठी (मुदत 20 वर्षे) अर्ज सादर केला आहे. माझे मासिक उत्पन्न व चालू देणी सोबतच्या तक्त्यात दिली आहेत. गेल्या सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यात दिसणारे रु. 8,900 व रु. 3,600 चे हप्ते आता बंद झालेल्या कर्जांचे असून ना-देय दाखले जोडले आहेत. तक्त्याव्यतिरिक्त माझ्या नावे अन्य कर्ज नाही व मी कोणासही जामीन नाही.
आपला/आपली विश्वासू,

| तपशील | दरमहा रु. | शेरा |
|---|---|---|
| हाती येणारा पगार | 68,000 | सॅलरी स्लिप, 3 महिने |
| पतपेढी कपात परत मिळवून | 3,500 | त्याच स्लिपवर |
| एकूण उत्पन्न | 71,500 | |
| पतपेढी कर्ज | 3,500 | 16 हप्ते बाकी |
| पर्सनल लोन | 0 | बंद, दाखला जोडला |
| बाइक कर्ज | 0 | बंद, दाखला जोडला |
| क्रेडिट कार्ड | 0 | थकबाकी नाही |
| एकूण देणी | 3,500 | |

बंद कर्जांच्या ओळी अनावश्यक वाटतील, पण गाळू नका. तपासणारा अधिकारी खातेउतारा समोर घेऊन दर महिन्याच्या त्याच तारखेला जाणाऱ्या रकमांवर पेन्सिलीने खुणा करत जातो. सलग दोन महिने 8,900 गेलेले दिसले आणि तक्त्यात त्याचा पत्ता नसला, की फाइल खुलाशासाठी परत येते. शून्य आणि दाखला समोर असला की तो पुढच्या ओळीकडे वळतो.

पत्रातलं शेवटचं वाक्य सही करण्याआधी नीट वाचा. भावाच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन असाल तर ते क्रेडिट रिपोर्टवर येतंच. तसं असेल तर ‘जामीन नाही’ हे शब्द काढा आणि तक्त्याखाली टीप लिहा: मूळ कर्जदार कोण, हप्ता किती, आणि तो वेळेवर जातोय का. बेरजेत मात्र ती रक्कम धरू नका, ती धरायची की नाही हे बँक ठरवेल. शिकवणी, घरभाडं असं काही रोखीचं उत्पन्न असेल आणि ते विवरणपत्रात नसेल, तर उत्पन्नात घालू नका. पुरावा मागितला की ती ओळ खोडावी लागते, आणि मग वरच्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

अर्जाच्या आठवडाभर आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा आणि तक्त्याची एकेक ओळ त्याच्याशी ताडून पाहा. फेडलेलं पर्सनल लोन तिथे अजून चालू दिसत असेल, तर ना-देय दाखला जोडून आधी दुरुस्तीची मागणी करा, आणि दुरुस्ती झाली की पत्रावर त्या दिवसाची तारीख घाला.